गावत, नद्यात आणि पुतक: या चुका कोणत्या ढिगात टाकायच्या?

गिरणाकाठ
भडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला मराठी शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं घरी अहिराणी बोलतात. प्रशिक्षणात सांगतात की मुलांच्या चुका तीन कारणांनी होतात: घरच्या बोलीतून आलेल्या, शिकलेला नियम नको तिथे लावल्यामुळे झालेल्या आणि नुसत्या नजरचुकीच्या. प्रत्येकीचा धडा वेगळा घ्या, असंही सांगतात. ऐकायला सोपं आहे, पण वही समोर आली की अडतं. एका मुलाने लिहिलेलं जसंच्या तसं देते:

"मी मामाच्या गावत गेलो. गावत बाजार होता. आम्ही बाजारत जाईसन केळी घेतली. गिरणा नद्यात पाणी नव्हते. मी झाडवर चढलो. मामाने मला पुतक दिले. मी ते पुस्तक वाचलो. मग सोमवारी मामाने मला शाळात सोडले."

'जाईसन' सरळ अहिराणी आहे, त्यात वाद नाही. बाकीच्यांचं काय? 'गावत'मध्ये काना राहिलाय की दुसरं काही आहे? तुम्ही कसं ठरवता, आणि ठरवल्यावर तासिकेत नेमकं काय करता?

कापूसबाजार
ताई, एवढ्या चुका असतील तर दहापैकी चार गुण द्या. आमच्या वेळी गुरुजी शून्य द्यायचे.

गिरणाकाठ
गुणांचा प्रश्न नाही भाऊ. उद्याच्या तासिकेत काय शिकवायचं, हे विचारतेय.

सरळरेघ
'गावत', 'बाजारत', 'झाडवर' आणि 'पुतक' सगळं एकाच जातीचं आहे. कुठे काना गाळलाय, कुठे अर्धा स. मुलगा घाईने लिहितो. शुद्धलेखनाचा सराव वाढवा, दहा-दहा वेळा लिहायला लावा. 'नद्यात' आणि 'वाचलो' तेवढं व्याकरण आहे.

तापी_पलीकडे
सरळरेघ, 'पुतक'बद्दल पटलं, 'गावत'बद्दल नाही. मी यावलकडे शिकवतो. आमच्याकडे बरीच मुलं लेवा गणबोली बोलतात. तीही काने-मात्रे गाळतात, 'मला'ऐवजी 'मले' लिहितात. पण 'गावत', 'बाजारत' मला त्यांच्या वह्यांत दिसत नाही. नुसत्या घाईची चूक असती तर आमच्या मुलांनीही केली असती, घाई काय भडगावातच असते?

जुने_गुरुजी
तापी_पलीकडे यांनी नेमकी जागा पकडली. अमळनेर भागात आयुष्य शिकवण्यात गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अहिराणीत आपण म्हणतो गावमा, बाजारमा, घरमा, हातमा, झाडवर. पुढे शब्दयोगी येतो, पण मूळ नाव जागचं हलत नाही. गाव ते गावच. पुस्तकाच्या मराठीत दोन गोष्टी घडतात. 'मा'च्या जागी 'त' येतो आणि त्याच्या आधी 'गाव'चं 'गावा' होतं. या मुलाने पहिली गोष्ट उचललीय, दुसरी अजून त्याच्या कानावर ठसलेली नाही. म्हणून 'गावमा'तला 'मा' काढून त्याने 'त' बसवला आणि 'गावत' झालं. काना राहिलेला नाही, तो काना त्याच्या मनात अजून आलेलाच नाही. 'झाडवर'मध्ये तर बदलायलाही काही नव्हतं, घरचंच रूप जसंच्या तसं आलं.

हे ओळखायला मी पुढचं करायचो. लाल पेन लावायच्या आधी मुलाला जवळ बोलावायचं आणि त्याचंच लिहिलेलं मोठ्याने वाचायला सांगायचं. कुठे चुकलंय ते सांगायचं नाही, बोटही ठेवायचं नाही. 'पुतक' लिहिणारा वाचताना 'पुस्तक'च वाचतो, मग थबकतो आणि स्वतःच स भरतो. ती नजरचूक. 'गावत' लिहिणारा 'गावत'च वाचतो आणि पुढे जातो, त्याला काही खटकत नाही. मग विचारायचं, "हेच घरी आजीला कसं सांगशील?" तो म्हणेल, "मामाना गावमा." दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली की चूक कुठून आली ते दिसतं.

स्टीफन पिट कॉर्डर या अभ्यासकाने १९६७ सालीच हा भेद मांडला होता. ज्या चुकीमागे मुलाचा स्वतःचा काही नियम आहे ती वेगळी आणि नियम माहीत असून हातून घसरलेली वेगळी. पहिलीतून मूल कुठपर्यंत आलंय ते कळतं, दुसरीतून फक्त ते दमलंय एवढंच कळतं.

पुण्यातली_खानदेशी
गुरुजी, वाचून डोळे भरून आले. आम्ही धुळ्याहून पुण्यात आलो तेव्हा मी सहावीत होते. 'घरमा' म्हटलं की वर्ग हसायचा. मग मी बोलणंच कमी केलं. कोणी तेव्हा दोन वाक्यं एकाखाली एक लिहून दाखवली असती तर! 'अहिराणीमुळे झालेली चूक' असं मुलांसमोर म्हणू नका एवढीच विनंती.

गिरणाकाठ
नाही म्हणत ताई. माझीही घरची भाषा तीच आहे.

गुरुजी, आज वाचायला लावलं. अगदी तसंच झालं. 'पुतक' त्याने स्वतः दुरुस्त केलं, 'गावत', 'बाजारत', 'झाडवर' तसंच वाचून गेला. पण 'नद्यात'ही तसंच वाचलं. मग तेही अहिराणीतून आलंय असं समजायचं का?

सरळरेघ
बरं, 'गावत' मागे घेतो. पण मग 'नद्यात'ही बोलीतूनच. खटकलं नाही म्हणजे घरचंच.

अक्राणी
घरी तो काय म्हणतो? 'नदीमा'. त्यातला 'मा' काढून 'त' लावला तर 'नदीत' होतं, म्हणजे बरोबर उत्तर. घरच्या बोलीवर विसंबला असता तर चुकलाच नसता! मग ही चूक घरून कशी येईल?

जुने_गुरुजी
वा, अक्राणी! याहून सोपी कसोटी नाही. घरच्या बोलीप्रमाणे गेल्यावर जिथे उत्तर बरोबर यायला हवं होतं आणि तरी मूल चुकलं, तिथे दोष बोलीवर टाकता येत नाही. ते मूल शाळेत शिकलेलं काहीतरी वापरत असतं.

'मी पुस्तक वाचलो'लाही हेच लावून बघा. अहिराणीत 'मी भाकर खादी' म्हणतात, क्रियापद भाकरीप्रमाणे चालतं. मराठीतही 'मी भाकरी खाल्ली'. दोन्हीकडे रीत एकच. तरी पोरगा 'वाचलो' लिहितो, कारण गेलो, आलो, बसलो, चढलो यांची रांग त्याच्या तोंडात बसलीय. त्याच्याच परिच्छेदात 'गेलो' आहे, 'चढलो' आहे, दोन्ही बरोबर. तिसऱ्या ठिकाणी तोच साचा लावला.

वाघूर
एक शंका आहे. जो मुलगा 'गाव'चं 'गावा' करत नाही, तो 'नदी'चं 'नद्या' कसं करेल? त्याला सामान्यरूप येतंच नाही म्हणता ना?

गिरणाकाठ
वाघूर, हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून जुनं टाचण काढून बघितलं. दिवाळीआधी पाणी, लोणी, दही यांचा तक्ता घेतला होता: पाण्यात, लोण्यात, दह्यात. मुलांनी तो तालावर पाठ केलाय, अजूनही म्हणतात. गाव, घर, बाजार यांचा तक्ता नव्हता, ते सोपं म्हणून पुस्तकात गृहीत धरलंय.

वाघूर
मग कोडं सुटलं. शेवटी ई दिसली की 'या' करायचं, एवढंच त्याने त्या तक्त्यातून उचललं. आणि तक्त्यात तिन्ही शब्द 'ते'चे आहेत: ते पाणी, ते लोणी, ते दही. 'ती'चा एकही नाही.

जुने_गुरुजी
बरोबर. नियम त्याने अचूक पकडलाय, त्याची हद्द त्याला कोणी दाखवली नाही. आणि तुम्ही 'गिरणा नद्यात' हे वाक्य दिलंत ते बरं झालं. नुसतं 'नद्यात' असतं तर 'नद्यांत'वरचा अनुस्वार राहिला असं वाटू शकलं असतं. गिरणा एकच आहे, म्हणून तो संशय उरत नाही.

कापूसबाजार
गिरणेत पाणी नव्हतं हे मात्र पोराने शंभर टक्के बरोबर लिहिलंय. त्याचे गुण द्या.

अक्राणी
माझा अनुभव सांगतो, धडगावकडचा. इथल्या मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिली. मराठी त्यांच्यासाठी शाळेतच सुरू होते. बदलून आलेले शिक्षक इथेही 'अहिराणीचा परिणाम' म्हणून शेरा मारतात, खानदेश म्हणजे अहिराणी असं धरून. मूल घरी काय बोलतं हे विचारल्याशिवाय बोलीच्या ढिगात काही टाकू नका. मी वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकाची घरची भाषा लिहून ठेवतो. काही घरांत आईची वेगळी आणि वडिलांची वेगळी असते.

सातपुड्याची_सून
आमच्या सासरी सकाळी गुजर बोली, दुपारी अहिराणी, संध्याकाळी मराठी आणि रात्री टीव्हीची हिंदी. माझ्या लेकीच्या वहीवर काय लिहिणार सर?

अक्राणी
ताई, चारही लिहायच्या. आणि तिच्या बाबतीत चूक कुठून आली हे ठरवायला जरा जास्त वेळ द्यायचा.

सरळरेघ
सगळं ठीक, पण एक मूलभूत आक्षेप आहे. मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते कोणाला दिसतं? ढीग लावण्यात वेळ घालवण्यापेक्षा बरोबर रूप दाखवा, सराव घ्या, पुढे चला. तीन ढिगांना तीन वेगळे धडे कशाला?

गिरणाकाठ
कारण सराव चुकीच्या जागी पडतो. 'पुतक' लिहिणाऱ्याला 'पुस्तक' दहा वेळा लिहायला लावलं तर त्याला आधीच येत असलेली गोष्ट तो दहा वेळा करतो. 'नद्यात' लिहिणाऱ्याला पाण्यात-लोण्यातचा तक्ता पुन्हा म्हणायला लावला तर चूक आणखी घट्ट होते. माझ्याकडे आठवड्यात व्याकरणासाठी फार तासिका उरत नाहीत. म्हणून ती कुठे खर्च करायची हे आधी कळायला हवं.

सरळरेघ
तक्ता पुन्हा घेतला तर चूक पक्की होते, हा मुद्दा मान्य. बाकी डोक्यात शिरण्याबद्दल मी अजून साशंकच आहे.

तापी_पलीकडे
आता धड्यांकडे येऊ का? 'गावत'साठी मी अहिराणी वर्ग असता तर काय केलं असतं ते लिहितो, गुरुजींनी तपासावं.

फळ्याचे दोन भाग. डावीकडे मुलांनी सांगायचं, घरी जसं बोलतात तसं: गावमा, घरमा, बाजारमा, हातमा, झाडवर. उजवीकडे मी पुस्तकातलं लिहिणार: गावात, घरात, बाजारात, हातात, झाडावर. नियम मी सांगणार नाही. "काय काय बदललं?" एवढंच विचारणार. पहिलं उत्तर येईल "मा गेला, त आला". तिथे थांबायचं नाही. 'झाडवर' आणि 'झाडावर' याकडे बोट दाखवायचं, कारण तिथे 'वर' दोन्हीकडे तसाच आहे आणि बदल फक्त नावात आहे. मुलांना काना तिथेच दिसेल. मग मुलांनी घरचे शब्द आणायचे आणि एकमेकांना विचारायचे.

जुने_गुरुजी
'झाडवर'ची युक्ती फार चांगली आहे. एवढीच भर घालतो की पहिल्या दिवशी फक्त गाव, घर, हात, झाड, बाजार, डोंगर असे शब्द घ्यावेत. शाळा, पाणी, नदी त्या दिवशी फळ्यावर नकोत. शेवटची पाच-सात मिनिटं प्रत्येकाने घरच्या कोणाचं तरी एक वाक्य अहिराणीत लिहायचं आणि खाली पुस्तकाच्या मराठीत. दोन्ही वाक्यांना सारखाच मान. डावी बाजू खोडायची नाही, तिच्यावर काट मारायची नाही.

आणि एक सूचना. हा धडा चांगला झाला की पुढच्या महिन्यात वहीत 'विहिरात', 'भिंतावर', 'वाटात' असं दिसू लागेल. घरी मूल 'विहीरमा' म्हणतं, म्हणजे ते 'विहिरात'ही बोलीतून आलेलं नसेल, तुमच्याच धड्यातून आलेलं असेल. घाबरू नका. जे पोरगं 'गावत'वरून 'विहिरात'वर आलं ते पुढे सरकलंय. आता त्याला 'ती विहीर, विहिरीत' आणि 'ती वाट, वाटेत' दाखवायची वेळ आली एवढाच त्याचा अर्थ.

वाघूर
म्हणजे एकच मूल एका महिन्यात पहिल्या ढिगातून दुसऱ्यात जातं.

जुने_गुरुजी
जातं, आणि मधल्या काळात एक फसवी अवस्था येते. एकाच पानावर 'गावत'ही दिसतं आणि 'गावात'ही. आपण म्हणतो, "येतंय की, मग इथे निष्काळजीपणा केला." तसं नसतं, तो अजून घडतोय. कसं ओळखायचं? नजरचुका पानभर विखुरलेल्या असतात, इथे अनुस्वार, तिथे जोडाक्षर, बहुधा पानाच्या शेवटी जास्त. घडणाऱ्या मुलाचं डळमळणं एकाच जागी गोळा झालेलं असतं, प्रत्येक वेळी त्या 'त'च्या आधी. अशाला नजरचुकीच्या ढिगात टाकलं तर त्याचा धडा अर्ध्यावर सुटतो.

गिरणाकाठ
हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे अशी दोन मुलं आहेत, त्यांच्या वह्यांवर 'लक्ष दे' असे शेरे आहेत.

'नद्यात'साठी मी असं योजतेय: पाणी, लोणी, दही, नदी, वही, गाडी, भाजी, चटणी अशा चिठ्ठ्या. गटांनी आधी फक्त 'ते' आणि 'ती' असे दोन ढीग लावायचे. मग प्रत्येक ढिगातल्या शब्दाला 'त' लावून म्हणायचं. पाण्यात, लोण्यात, दह्यात एकीकडे आणि नदीत, वहीत, गाडीत, भाजीत दुसरीकडे. फरक मुलांनीच बोलून दाखवायचा.

अक्राणी
एखादं पोरगं "सर, हत्ती?" म्हणून ओरडेल. तो हत्ती, पण हत्तीवर. आणि तो माळी, पण माळ्याला. तयार राहा.

गिरणाकाठ
म्हणूनच 'तो'चे शब्द त्या दिवशी ठेवलेच नाहीत. विचारलं तर हत्तीला फळ्याच्या कोपऱ्यात वेगळी जागा देईन आणि पुढच्या धड्यासाठी ठेवीन.

जुने_गुरुजी
योजना पक्की आहे. फक्त वर्गीकरण जमलं म्हणजे झालं असं धरू नका. त्याच दिवशी गाळलेल्या जागा भरायला दिल्या तर सगळी भरतील. दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्याच विषयावर परिच्छेद लिहायला द्या, जिथे मुलाचं लक्ष नदीकडे असेल आणि 'त'कडे नसेल. तिथे 'नदीत' आलं तर ते त्याचं झालं.

केळीचं_पान
रावेरहून. आमच्याकडे 'मण लावून अभ्यास करतो' असं लिहिणारा एक आहे. घरी 'पानी', 'लोनी', 'कोन' म्हणतो. शाळेत न चा ण करायला शिकवला, तर आता मन, वन सगळ्यांवर ण. हे कुठल्या ढिगात?

कापूसबाजार
मण लावून म्हणजे चाळीस शेर अभ्यास. चांगलंय की!

तापी_पलीकडे
केळीचं_पान, ही दोन्ही ढिगांच्या सीमेवरची चूक आहे. मुळात अडचण बोलीतून आली, पण 'मण' घरून आलेला नाही, घरी तो 'मन'च म्हणतो. सगळे न चुकीचे असतात असं त्याने धरलंय. यावर धडा कानाचा हवा. तुम्ही शब्द बोला, त्याने नुसतं ऐकून न की ण ते बोटाने दाखवायचं. मन, कोण, वन, लोणी, पान, पाणी. लिहिणं नंतर. ज्याला ऐकून फरक कळत नाही त्याला लिहून कळणार नाही.

केळीचं_पान
आणि 'पाणि', 'आणी' लिहितात ते? ऱ्हस्व-दीर्घ?

जुने_गुरुजी
ते या तिघांतही बसवू नका. आपण बोलताना तिथे ऱ्हस्व-दीर्घ फारसा पाळत नाही, पुण्यातही नाही. तो लेखनाचा नियम आहे, बघूनच लक्षात ठेवायचा. त्याचा ढीग वेगळा ठेवा, नाहीतर नजरचुकीचा ढीग उगाच फुगतो आणि मुलं निष्काळजी वाटू लागतात.

गिरणाकाठ
नजरचुकांचं काय करू? त्यावर व्याकरणाची तासिका नको, हे कळलं.

वाघूर
माझ्या वर्गात शेवटची पाच मिनिटं वही शेजाऱ्याला द्यायची. शेजारी मोठ्याने वाचतो, जे लिहिलंय तेच, मनातलं नाही. लिहिणारा ऐकतो आणि हात वर करतो. स्वतः वाचलं की डोळा पुढे धावतो आणि 'पुतक'चं 'पुस्तक' होतं, दुसऱ्याने वाचलं की सापडतं. मग प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानावर आपल्या नेहमीच्या नजरचुका लिहून ठेवायच्या, कुणाचा अनुस्वार, कुणाचं जोडाक्षर. पुढच्या वेळी वही देण्याआधी तेवढ्याच शोधायच्या. मी नवीन काही शिकवत नाही, फक्त तपासायची सवय लावतो.

पुण्यातली_खानदेशी
माझी साडेतीन वर्षांची भाची 'मी चित्र करलं' म्हणते. अहिराणीचा गंध नाही तिला. आमच्याकडची पोरंही 'अभ्यास करला' म्हणतात, ती कुठून?

सरळरेघ
ते नक्की अहिराणीच. आपण 'करं' म्हणतो, 'केलं' नाही. 'करं'ला ल जोडला की 'करलं'.

तापी_पलीकडे
मग भाचीचं काय? ती बसलं, पडलं, हसलं यांच्यावरून करलं बनवतेय. आपली पोरंही तेच करत नसतील कशावरून?

जुने_गुरुजी
इथे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात, म्हणून वहीवरून ठरवता येणार नाही. पुण्यातली मुलं शाळेत जायच्या आधीच 'करलं' सोडून देतात. आपल्याकडे ते पाचवीपर्यंत टिकलं तर बोली त्याला आधार देतेय असा अंदाज बांधता येईल. अंदाजच, त्यापलीकडे मी जाणार नाही. धडा मात्र एकच लागतो. केलं, गेलं, आलं, दिलं, घेतलं ही मोजकी वाकडी रूपं गोष्टीत पुन्हा पुन्हा कानावर घालायची.

गिरणाकाठ
मग 'शाळात'? मूळ परिच्छेदातली तेवढी एक राहिली. घरी 'शाळामा', कोणी 'शायामा' म्हणतं. त्यातून 'शाळात' येऊ शकतं. आणि मामा-मामाला, दादा-दादाला, काका-काकाला यांच्यावरूनही येऊ शकतं. शेवटी आ असला की बदलायचं नाही, असा नियम त्याने धरला असेल. अक्राणींची कसोटी इथे चालत नाही, घरच्या वाटेने गेलं तरी चूकच येते.

अक्राणी
मग दुसऱ्या घरच्या भाषेची मुलं बघा.

तापी_पलीकडे
काल वर्गात लेवा मुलांकडून लिहून घेतलं. शाळा, यात्रा, सभा, जागा हे शब्द येतील असा विषय दिला. 'शाळेत' सगळ्यांनी बरोबर लिहिलं. पण 'यात्रात' आणि 'सभात' काही वह्यांत आलं.

वाघूर
शाळा हा शब्द रोजचा आहे. 'शाळेत' आख्खाच पाठ असेल, नियम न कळताही. यात्रा-सभा पाठ नाहीत.

जुने_गुरुजी
मला तसंच वाटतं. म्हणजे 'यात्रात'मागे मामा-दादाचा साचा असावा, निदान तुमच्याकडे. भडगावच्या 'शाळात'मागे बोलीचाही हात असू शकतो. ताई, तुमच्या मुलांकडूनही यात्रा, सभा लिहून घ्या. आणि ज्या मुलाची घरी मराठीच आहे, असा एखादा वर्गात असेल तर त्याची वही आधी बघा.

गिरणाकाठ
दोघी आहेत, ग्रामसेवकांच्या जुळ्या मुली, नाशिकहून आलेल्या. सोमवारी लिहून घेते. पाचोऱ्याची यात्रा विषय देते, म्हणजे दोन्ही शब्द आपसूक येतील. धडा कसा घ्यायचा ते त्या वह्या बघून ठरवते. तोवर मामा, दादा, काका एकीकडे आणि शाळा, सभा, यात्रा, जागा दुसरीकडे, अशा चिठ्ठ्या करून ठेवते, कारण 'तो' आणि 'ती'चा फरक कसाही लागणारच आहे.

कापूसबाजार
ताई, यात्रेत भरीत-पुरीवर पण लिहायला सांगा. पोरं पान भरून लिहितील, चुकाही भरपूर सापडतील.

गिरणाकाठ
भाऊ, ही कल्पना खरंच घेते. 'भरितात' लिहितात की 'भरीतत' तेही कळेल.